सहासष्ट डॉलर्सचा प्रिंटर

विक्रेत्याने एखाद्या वस्तूची किंमत लिहिली की तो त्याचा शब्द झाला, आणि दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. फळ्यावर एक भाव आणि गल्ल्यापाशी दुसरा, असे करणारा दुकानदार आपल्याला लबाड वाटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु लिहिताना आकडाच चुकला असेल तर? संगणकाच्या पडद्यावर तीन हजारांऐवजी सहासष्ट असे उमटले, ते पाहून लोकांनी मागण्या नोंदविल्या, आणि विक्रेत्याच्या यंत्राने 'तुमची खरेदी पक्की झाली' असे उत्तरही धाडले, तर तो माल त्या भावाने द्यायला विक्रेता बांधला गेला काय? गेल्या वर्षभरात आमच्या वादविवाद मंडळात हा प्रश्न दोनदा निघाला. बहुतेकांचे मत असे पडले की, बांधला गेला. चूक ज्याची, नुकसान त्याचे. मला हे मत पटत नाही. मात्र याच्या नेमके उलटे मतही मला पटत नाही. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. पण या विषयावरचा एक गाजलेला खटला मी जमेल तितक्या बारकाईने वाचला आहे, आणि त्याच्या आधाराने माझे म्हणणे वाचकांपुढे ठेवतो.

हा खटला सिंगापूरचा. तेथे डिजिलँडमॉल या नावाची एक कंपनी संगणक व त्याची उपकरणे संकेतस्थळावरून विकत असे. तिच्या मालात ह्यूलेट-पॅकार्डचा एक रंगीत लेझर प्रिंटर होता. त्याची किंमत ३,८५४ सिंगापूर डॉलर्स. ८ जानेवारी २००३ रोजी किंमती बदलण्याच्या नव्या पद्धतीचे शिक्षण चालू होते. सरावासाठी एका कर्मचाऱ्याने किंमतीच्या रकान्यात ६६ हा वाटेल तो आकडा भरला. पण सरावाचा तो आकडा सरावापुरता न राहता खऱ्याखुऱ्या संकेतस्थळावर जाऊन बसला. जवळजवळ पाच दिवस कंपनीत कोणाच्याही हे लक्षात आले नाही. १३ जानेवारीच्या सकाळी चूक उमगली, तेव्हा जाहिरात काढून टाकण्यात आली आणि या भावाने माल देता येणार नाही असे मागणीदारांना कळविण्यात आले. पण तोपर्यंत ७८४ लोकांनी १,००८ मागण्यांमधून एकूण ४,०८६ प्रिंटर मागविले होते. त्या सर्वांची खरी किंमत दीड कोटी डॉलर्सच्या वर होती. कंपनीला मिळणार होते सुमारे दोन लाख सत्तर हजार.

या सातशे चौऱ्याऐंशी जणांपैकी सहाजण न्यायालयात गेले. ते परस्परांचे मित्र होते, सुशिक्षित होते, आणि त्यांच्यात एक वकीलही होता. या सहाजणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागविले होते. यासाठी त्यांना १,०५,९९६ डॉलर्स मोजावे लागणार होते. मालाची खरी किंमत होती ६१,८९,५२४ डॉलर्स. त्यांचे म्हणणे साधे होते. कंपनीने भाव जाहीर केला, आम्ही मागणी नोंदविली, कंपनीने ती स्वीकारल्याचे पत्र पाठविले. करार पूर्ण झाला. आता माल द्या.

येथे पहिला प्रश्न असा की, करार झाला तरी होता का? दुकानाच्या काचेआड ठेवलेल्या वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लावणे म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रस्ताव नव्हे. ते प्रस्ताव करण्याचे निमंत्रण आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये बूट्स या औषध विक्रेत्याच्या खटल्यात हे तत्त्व ठरले. फळीवरची बाटली ग्राहकाने उचलून गल्ल्यापाशी नेली म्हणजे त्याने विकत घेण्याचा प्रस्ताव केला. गल्ल्यावरच्या माणसाने तो स्वीकारला की करार. म्हणूनच चिठ्ठी चुकीची लागली असेल तर दुकानदार गल्ल्यापाशी 'माफ करा, हा भाव नव्हे' असे म्हणू शकतो. वादविवादात 'लिहिले म्हणजे बांधला' असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना हे ठाऊक नव्हते. नुसत्या लिहिण्याने विक्रेता बांधला जात नाही.

पण संकेतस्थळावरच्या दुकानात गल्ल्यापाशी माणूस नसतो. तेथे यंत्र असते. आणि त्याला कसलीच शंका येत नाही. रकान्यात ६६ आहे ना, मग शंभर गुणिले ६६ असा हिशेब करून ते तत्काळ स्वीकृतीचे पत्र रवाना करते. 'यंत्राने स्वीकारले, आम्ही नाही' असे म्हणून विक्रेत्याला सुटता येईल का? माझ्या मते येऊ नये, आणि सिंगापूरच्या न्यायालयानेही ते मानले नाही. यंत्र ज्याने बसविले, ज्याला त्याच्या वेगाचा लाभ मिळतो, त्याचाच तो हात आहे. अर्थात पत्रात नेमके काय लिहिले आहे हे पाहिले पाहिजे. 'तुमची मागणी मिळाली' एवढेच असेल तर ती नुसती पोच झाली. 'तुमची खरेदी पक्की झाली' असे असेल तर ती स्वीकृती झाली. शहाणे विक्रेते म्हणूनच आता पहिल्या प्रकारचे पत्र पाठवितात आणि माल रवाना करू तेव्हाच करार झाला असे अटींमध्ये लिहून ठेवतात. सिंगापूरचे पत्र दुसऱ्या प्रकारचे होते. तेव्हा सकृद्दर्शनी करार झाला होता, हे न्यायालयाने मान्य केले.

येथवर ते सहाजण जिंकत आले होते. पुढे ते हरले, आणि ते का हरले यातच या विषयाचे सार आहे.

१९३९ सालचा इंग्लंडमधला सशाच्या कातड्यांचा एक जुना खटला येथे उपयोगी पडतो. अर्जेंटिनाची तीस हजार कातडी विकायची होती. त्या व्यापारात भाव नगावर ठरत असे, आणि आधीची सगळी बोलणीही नगावरच झाली होती. शेवटच्या पत्रात मात्र विक्रेत्याने चुकून तोच भाव नगाऐवजी पौंड वजनावर लिहिला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत. म्हणजे भाव एकतृतीयांशावर आला. खरेदीदाराने घाईने ते पत्र स्वीकारले आणि माल मागितला. न्यायालयाने तो देवविला नाही. खरेदीदार त्याच धंद्यातला होता. पत्रात लिहिलेला भाव विक्रेत्याच्या मनातला नाही हे त्याला कळल्यावाचून राहिले नसणार. समोरच्याच्या मनात नसलेली गोष्ट ती मनात नाही हे जाणूनही 'मी स्वीकारली' असे म्हणता येत नाही. दोन मने जुळली तर करार. येथे जुळणीच नव्हती, आणि ती नाही हे एकाला पक्के माहीत होते.

सिंगापूरमध्ये न्यायमूर्ती व्ही. के. राजा यांनी हाच प्रश्न विचारला: मागणी नोंदविताना या सहाजणांना काय ठाऊक होते? सहाही जणांनी शपथेवर सांगितले की भाव खरा आहे असे आम्हांस वाटले. पण माणसाच्या मनात काय होते हे त्याच्या जबाबापेक्षा त्याच्या वर्तनावरून अधिक कळते. मध्यरात्र उलटून गेल्यावर संगणकावरून एकमेकांना कळवून त्यांनी मागण्या नोंदविल्या होत्या. त्यांचे आपसातले संदेश न्यायालयापुढे आले. या प्रिंटरची बाजारातली किंमत काय याचा शोध घेतला गेला होता, आणि पुन्हा विकून नफा किती होईल याचे बेतही झाले होते. ज्याला घरी एक प्रिंटर हवा आहे तो एक मागवितो. मध्यरात्री शेकड्यांनी प्रिंटर मागविणाऱ्याला ठाऊक असते की सकाळ झाली म्हणजे ही संधी राहणार नाही. ही घाई हाच त्याच्या जाणिवेचा पुरावा. १२ एप्रिल २००४ रोजी न्यायमूर्तींनी दावा फेटाळला, आणि १३ जानेवारी २००५ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

अपील न्यायालयाने एक भेद स्पष्ट केला, तो मला महत्त्वाचा वाटतो. खरेदीदाराला चूक प्रत्यक्ष ठाऊक असेल तर करार मुळातच शून्य. तो कधी झालाच नाही. ठाऊक होते असे सिद्ध होत नाही, पण समंजस माणसाला ते कळायला हवे होते, अशी स्थिती असेल तर तेवढ्याने करार मोडत नाही. त्याच्या जोडीला खरेदीदाराच्या वागण्यात काही अनुचित असले पाहिजे. उदाहरणार्थ, शंका येऊनही त्याने मुद्दाम डोळेझाक केली. तसे असेल तर न्यायालय आपल्या न्यायबुद्धीने करार रद्द करू शकते. म्हणजे विक्रेत्याने 'चुकलो' असे म्हणताच त्याची सुटका होत नाही. समोरच्याला ठाऊक होते हे दाखविण्याचे ओझे त्याच्याच शिरावर राहते.

आता याची दुसरी बाजू पाहू. २००२ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये कोडॅक कंपनीच्या संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा संच चुकून १०० पौंडांना लागला. हजारो लोकांनी मागविला, त्यांना स्वीकृतीची पत्रेही गेली. कंपनीने आधी नकार दिला, मग ग्राहकांचा रेटा पाहून त्याच भावाने माल दिला. हे प्रकरण मला सिंगापूरपेक्षा वेगळे वाटते, आणि कंपनीने जे केले ते योग्यच वाटते. सणासुदीनंतरच्या विक्रीत तीनशेचा कॅमेरा शंभराला मिळणे हे कोणालाही अशक्य वाटणारे नाही. प्रिंटर मात्र खऱ्या किंमतीच्या अठ्ठावन्नाव्या हिश्शाला लागला होता. पहिल्या भावावर प्रामाणिक माणूस विश्वास ठेवू शकतो, दुसऱ्यावर नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे बाविसावे कलम असे सांगते की, केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली म्हणून करार रद्द करता येण्याजोगा होत नाही. वादविवादात माझ्या प्रतिपक्षाने हेच कलम पुढे केले होते. त्याच्या समर्थनार्थ मुंबई उच्च न्यायालयाचा १८९२ चा एक खटला नेहमी सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने हाजी लोकांना जिद्दाहून मुंबईस आणण्यासाठी एका आगबोट कंपनीची बोट भाड्याने ठरविली. करारात तारीख लिहिली '१० ऑगस्ट १८९२', आणि पुढे कंसात 'हजनंतर पंधरा दिवसांनी'. व्यापाऱ्याचा समज असा की दोन्ही दिवस एकच. प्रत्यक्षात हजनंतरचा पंधरावा दिवस येत होता १९ जुलैला. हाजी लोक १० ऑगस्टपर्यंत कशाला थांबतील? व्यापाऱ्याने तारीख दुरुस्त करून मागितली. न्यायालयाने ती दिली नाही, कारण चूक एकट्या त्याची होती.

पण या खटल्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आगबोट कंपनीला त्या चुकीची कल्पनाच नव्हती. हजचा दिवस कधी येतो याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. तिने १० ऑगस्टच्या हिशेबाने बोटीची योजना केली. निरपराध पक्षावर दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड का पडावा? निकाल न्याय्यच होता. मात्र त्यावरून, चूक पाहूनही मुद्दाम गप्प राहिलेल्या पक्षालाही तेच संरक्षण मिळावे असे निघत नाही. कलमातल्या 'केवळ' या शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. केवळ चुकीने करार मोडत नाही. चूक अधिक दुसऱ्याची जाणीव हे 'केवळ' राहत नाही. शिवाय त्याच कायद्याचे तेरावे कलम संमतीची व्याख्या करताना सांगते की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे. विक्रेत्याच्या मनात ३,८५४ आहेत हे जाणून ६६ ला होकार देणाऱ्याने एकाच अर्थाने काय मान्य केले?

आपल्या देशातले अलीकडचे एक उदाहरण माझ्या या मताच्या विरुद्ध जाते असे वाटेल, म्हणून तेही सांगतो. २०१४ मध्ये ओडिशातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याला एका मोठ्या विक्री संकेतस्थळावर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप सवलतीनंतर १९० रुपयांना दिसला. त्याने तो मागविला, मागणी नोंदल्याचे उत्तर आले, आणि काही तासांतच किंमतीच्या घोळाचे कारण सांगून मागणी रद्द करण्यात आली. त्याला प्रकल्पासाठी दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. तो ग्राहक मंचाकडे गेला आणि २०२१ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने त्याला नुकसानभरपाई वाढवून दिली. १९० रुपयांचा लॅपटॉप ही उघड चूक नव्हे काय? आकडा पाहिला तर होय. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्याने लॅपटॉप मागविला एक. आणि 'नव्वद टक्के सूट', 'काही मिनिटांपुरता भाव' अशी ओरड करून हे व्यापारीच ग्राहकाला अशक्य भावांवर विश्वास ठेवायला शिकवीत असतात. रोज चमत्कार विकणाऱ्याने एके दिवशी 'हा चमत्कार तुला खोटा वाटायला हवा होता' असे म्हणू नये. म्हणून त्या विद्यार्थ्याला भरपाई मिळाली याचे मला वैषम्य वाटत नाही.

'कंपन्या गबर असतात, त्यांचे काय जाते' हा युक्तिवाद मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण हाच नियम उद्या लहान माणसाला लागेल. समजा, येवल्याचा एक विणकर आपली १२,५०० रुपयांची पैठणी संकेतस्थळावर चढविताना एक शून्य विसरला आणि १,२५० लिहून बसला. हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. प्रिंटरचा भाव अठ्ठावन्नाव्या हिश्शाला आला होता, येथे तो दहाव्या हिश्शाला आला आहे. तरीही नागपूरच्या एखाद्या गृहिणीला त्यात काहीच वावगे दिसणार नाही, कारण यंत्रावर विणलेल्या, पैठणीसारख्या दिसणाऱ्या साड्या त्या सुमारास मिळतात. तिने एक साडी मागविली आणि विणकराने ती पक्की केली, तर तिचा करार खरा आहे. विणकराने तो पाळावा किंवा तिची योग्य भरपाई करावी. पण येवल्याच्याच एखाद्या व्यापाऱ्याने पदरावरचे मोर आणि काठाची वीण पाहून हातमागाचे काम ओळखले आणि तत्काळ चाळीस मागविल्या, तर त्याला मी एकही देणार नाही. साडी तीच, चुकीचा आकडाही तोच, पण दोन खरेदीदारांच्या मनात जे आहे ते निराळे आहे. मनातले ओळखायचे कसे? सिंगापूरच्या न्यायालयाने ओळखले तसेच: तो त्या धंद्यातला होता का, किती नग मागविले, केव्हा मागविले, आणि मागविण्याआधी कोणाशी काय बोलला.

चूक ज्याची, नुकसान त्याचे, असे म्हणणाऱ्या मित्रांना मी आणखी एक विचारतो. उद्या तुम्ही संख्येच्या रकान्यात १ ऐवजी चुकून ११ दाबले, अकरा शेगड्या दाराशी आल्या, आणि विक्रेत्याने 'तुमची चूक, आता पैसे मोजा' असे म्हटले, तर तुम्ही हाच न्याय मान्य कराल का? ग्राहकाच्या बोटाला क्षमा हवी असेल तर कारकुनाच्या बोटालाही ती मिळाली पाहिजे.

पण ही क्षमा एकतर्फी नसावी. 'आम्ही कोणतीही मागणी केव्हाही, कोणतेही कारण न देता रद्द करू' असे कलम अटींच्या जंगलात लपवून ठेवणाऱ्या विक्रेत्यांचा मी वकील नाही. असे कलम ठेवणारा चुकीपासून संरक्षण मागत नसतो. शब्द न देताच व्यापार करू पाहत असतो. आपल्याकडे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी या बाबतीत एक चांगला पायंडा घातला. ग्राहकाने मागणी रद्द केल्यास त्याच्याकडून दंड घ्यायचा असेल, तर विक्रेत्याने आपणहून रद्द केल्यास त्यानेही तसाच भार सोसला पाहिजे. याच दिशेने पुढे जाऊन मी म्हणेन की, चूक लक्षात येताच त्याच दिवशी न कळविणारा, पैसे अडकवून ठेवणारा, किंवा माल रवाना झाल्यावर जागा होणारा विक्रेता चुकीची सबब गमावतो.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे: आकडा किती चुकला यावर हा निवाडा होऊ नये, आणि यंत्राने काय उत्तर पाठविले एवढ्यावरही होऊ नये. खरेदीदाराने तो भाव खरा मानला असेल, तर विक्रेत्याने आपला शब्द पाळावा, मग त्याला कितीही झळ बसो. खरेदीदाराने तो खोटा आहे हे ओळखूनच हात पुढे केला असेल, तर त्याला शब्द मिळालाच नव्हता. त्याला फक्त दुसऱ्याची चूक सापडली होती. रस्त्यात सापडलेले पाकीट आपण मालकाला परत करतो. 'त्याने नीट सांभाळायला हवे होते' हे खरे असले, तरी त्यामुळे ते पाकीट आपले होत नाही.